गोलात बसणारा मोठ्यात मोठा दंडगोल

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो कागलच्या ज्युनिअर कॉलेजातल्या आमच्या गणिताच्या सरांचा. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिलाच, आणि पदवीला गणित घेतलं तेही त्यांच्यामुळंच.

शिवाजी पेठेतल्या एका कॉलेजात गणित शिक्षकाची जागा निघाली, तेव्हा निवडीसाठी बारावीच्या वर्गावर पंधरा मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा होता. निवड समिती मागच्या बाकावर. तिच्या प्रमुख बाई स्वतः गणिताच्या. प्रश्न मिळाला तो असा: गोलात बसणारा जास्तीत जास्त घनफळाचा दंडगोल काढा.

आकडे सुटसुटीत यावेत म्हणून मी गोलाची त्रिज्या √३ धरली. दंडगोलाची त्रिज्या r, उंची h. पायथागोरसनं r² = ३ − h²/४, म्हणून घनफळ π(३h − h³/४). डेरिव्हेटिव्ह शून्याबरोबर मांडलं, उंची आली २ आणि घनफळ ४π. आता दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण येतं एवढं दाखवलं की झालं.

"सर, चुकलंय की!" दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "गोल मधोमध उभा कापला तर वर्तुळ दिसतंय, सिलिंडर कापला तर आयत. वर्तुळात मोठ्यात मोठा आयत म्हणजे चौरस. मग उंची नि व्यास सारखेच पायजेत!"

वर्ग हसला, मी मात्र शहारलो. बारावीत मी सरांशी नेमका याच चौरसावरून भांडलो होतो. सरांनी उत्तर दिलं नव्हतं. "काढून बघ की," म्हणून खडू माझ्या हातात दिला होता आणि ते स्वतः माझ्या बाकावर जाऊन बसले होते.

माझ्याकडं तीनच मिनिटं होती. पाठ अपुरा राहिला तर नोकरी गेली. तरी मी खडू तिच्या हातात दिला आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो.

तिनं h = २r घातलं. r² दीड, उंची √६, घनफळ सुमारे ३.६७π.

"आयला, चारापेक्षा कमी!" मागून कुणीतरी ओरडलं.

"पण कमी कसं काय?" ती फळ्याकडंच बघत म्हणाली, आणि स्वतःच टाळी वाजवली. "आयतात रुंदी एकदाच येती. हितं त्रिज्येचा वर्ग हाय! जरा बुटका नि रुंद केला की फायदा!"

घंटा झाली. बाई म्हणाल्या, "सर, दुसरं डेरिव्हेटिव्ह राहिलं."

"थांबा की मॅडम, मी करते!" मुलगीच म्हणाली. तिनं −३πh/२ लिहिलं. "उंची धन, म्हणजे हे ऋण. कमालच हाय!"

सगळा वर्ग टाळ्या वाजवायला लागला. बाईसुद्धा.

आठवड्याभरानं सरांना पत्र टाकलं:

"आदरणीय सर,
सा. नमस्कार. जागा मिळाली. तुमच्यासारखाच खडू देऊन बाकावर बसलो, पण सारखा घड्याळाकडं बघत होतो. त्या दिवशी तुम्हीही बघत होता का? एकदा वर्गावर या. ती मुलगी आता गोलात शंकू बसवायला निघालीय. उत्तर मी सांगितलेलं नाही.
तुमचा विद्यार्थी"