सुरुंगाच्या वर्गाचा परचा

बालाघाटकडच्या एका खाणीत सुरुंगाच्या वर्गाचा परचा, म्हंजे जाहिरातीचा कागद, साहेब पुन्हा लिहून राह्यले होते. पहिल्या परच्यावर नुसतं "सुरुंग शिका" होतं, तर सारे नवशिकेच आलते. आता लिहलं: दोन वर्षं सुरुंग भरलेल्यांसाठी, सकाळी सुरुंग न फुटलेलं भोक ओळखणं, दुपारी बाजूले दुसरं पाडून ते उडवणं, दोन्ही जमल्यावरच पास.

शिकवणारा मी. मले वाचता येत नव्हतं, पन फेकता येत होतं. "लिहा साहेब, वीस वर्षांत एक अपघात नाही."

हापिसातल्या बाबूनं परचा साऱ्यांले वाचून दाखवताच एका ड्रिलवाल्यानं माही गचांडी धरली. "माह्या भावाचा डोळा कोनं फोडला बे?"

त्यानं माहे दोन दात पाडले. रक्त थुंकत मी साहेबाले म्हटलं, "खोडा ते. लिहा, या शिकवणाऱ्यानंच न फुटलेल्या भोकातच ड्रिल घालाले लावलं, साथीदाराचा डोळा गेला."

मंग वर्गासाठी पहिलं नाव त्या ड्रिलवाल्यानंच देल्लं. वर्गात दिवसभर माह्या हातावरून त्याची नजर हालली नाही.