खालच्या फळीवरची पाटी

मालनबाई पगारे यांनी माझ्या एका प्रश्नाचं उत्तर चुकवलं आणि त्यांची बढती हुकली. चूक त्यांची होती, हे मी आजही म्हणतो. पण अर्धी चूक माझ्या हस्ताक्षरात होती, हे कळायला मला एक आठवडा लागला.

नाशिकच्या ज्या कॉलेजात मी रसायनशास्त्राचा प्रात्यक्षिक शिक्षक होतो, तिथे त्या १९६४ साली परीक्षानळ्या धुवायला लागल्या. वडील लासलगावच्या मार्केट यार्डात हमाल. इथे आल्यावर बाईंनी रात्रशाळेत जाऊन तिशीत मॅट्रिक केलं. मी तसा तिरसट माणूस, कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. पण त्यांनी धुतलेल्या ब्युरेटला, त्या बारीक तोटीच्या मापनळीला, कधी थेंब चिकटून राहिला नाही, एवढं मी तेव्हाही कबूल करत असे. द्रावणंही हळूहळू त्याच करू लागल्या. आधी पाणी, मग ॲसिड, ही शिस्त मुलांना माझ्याआधी त्यांनीच लावली.

१९७७ साली प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. प्रयोगशाळेतल्या हमालाच्या पगारातून बाहेर पडायची बाईंची ती एकच वाट होती. लेखी पन्नास गुणांची, पास व्हायला पंचवीस. पेपर मी काढला, तपासलाही मीच. त्या सुमाराला चार पर्यायांचे प्रश्न काढायची नवी टूम होती, म्हणून मीही काही काढले. त्यातला एक असा:

दोन चंचुपात्रं. एकात शतांश मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, पीएच दोन. दुसऱ्यात शतांश मोलरच ॲसेटिक आम्ल, पीएच तीन पूर्णांक चार. पहिल्याचा पीएच कमी का?

बाईंनी खूण केली होती 'अ'वर: 'कारण पहिलं आम्ल तीव्र आहे, म्हणजेच त्याचं द्रावण संहत आहे.' बरोबर उत्तर होतं 'क': 'पहिल्यातले जवळजवळ सगळे रेणू पाण्यात फुटून हायड्रोजन आयन देतात, दुसऱ्यातले थोडेच.' बाईंना पडले चोवीस.

प्राचार्य म्हणाले, "एक गुण देऊन टाका हो, रंगनाथराव. कोण बघायला येतंय?"

मी म्हणालो, "उद्या संहत, म्हणजे दाट, आणि तीव्र यांत घोळ करून यांनी मुलांच्या हातात भलती बाटली दिली, तर बघायला सगळं गाव येईल."

गुण दिला नाही. त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही, तरी दिला नाही.

आठवड्यानं बाई पेपर घेऊन आल्या. भांडायला येतील म्हणून मी तयारीत होतो, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, मार्क नका देऊ. पण माझं काय चुकलं ते मला दाखवा. तीव्र बरोबर हाय ना?"

"तीव्र बरोबर. पुढचं 'संहत' चूक. त्या एका शब्दानं सगळा पर्याय बाद झाला. शतांश मोलर म्हणजे किती ॲसिड, बाई? तुम्हीच तर करता."

त्यांनी मनात हिशेब केला. "लिटरभर पाण्यात मोठ्या बाटलीतलं एक मिलीसुद्धा जात नाय."

"मग हे संहत कसं?"

मी त्यांना दोन्ही द्रावणं दहा-दहा मिली घ्यायला लावली, दोन शंकूपात्रांत. दोहोंत फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब टाकले. वर ब्युरेटमध्ये शतांश मोलर सोडा, म्हणजे कॉस्टिक. पहिलं पात्र दहा मिलीवर गुलाबी झालं, म्हणजे त्यातलं ॲसिड संपलं. दुसऱ्याला बाईंनी तोटी अगदी लवकर आवळून धरली. त्यांना वाटलं, सौम्य ॲसिड, दोन-तीन मिलीत आटपेल. आटपलं नाही. थेंब थेंब करत तेही दहावरच गुलाबी झालं.

बाईंनी ब्युरेट दोनदा वाचली. मग स्टुलावर बसल्या.

"दोन्हीत माल सारखाच," त्या म्हणाल्या. "आमच्या यार्डात दोन वखारी असत्यात तसं. दोन्हीत गोण्या तेवढ्याच. एकानं सगळ्या लिलावाला बाहेर मांडल्या. दुसऱ्यानं शंभरात चार बाहेर, बाकी आत. पण गिऱ्हाईक उचलत गेलं की तो आतल्या काढत जातो."

वीस वर्षं शिकवून मला इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं. पीएच मोजतो ते बाहेर मांडलेल्या गोण्या; त्या जास्त, तर पीएच कमी. संहत की विरल, ते ठरतं वखारीत एकूण किती यावर. तीव्र म्हणजे सगळं बाहेर मांडण्याची खोड, मग गोण्या हजार असोत नाहीतर दहा.

"एवढं कळतं, मग 'अ' का लिहिलंत?" मी वैतागून विचारलं.

बाईंनी खालच्या फळीकडे बोट केलं. तिथे सल्फ्युरिक, नायट्रिक, हायड्रोक्लोरिक यांच्या मोठ्या बाटल्या होत्या, बहुतेक झाकण काढलं की नाकाला झोंबणाऱ्या. त्याच रांगेत शेवटी ॲसेटिकची. आणि वर पाटी, लाल अक्षरांत, माझ्याच हातची: 'तीव्र आम्ले. सावधान.'

त्या फळीवरची प्रत्येक बाटली संहत होती. तीव्र मात्र सगळ्या नव्हत्या, ॲसेटिक सौम्य. बाई तेरा वर्षं ती पाटी पुसत आल्या होत्या आणि तीव्र म्हणजेच संहत असं तिच्यावरून शिकल्या होत्या. मला लाज वाटली आणि लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी तडक प्राचार्यांकडे गेलो. गुण वाढवणार नाही, पण जागा बाहेरच्याला न देता जूनमध्ये पुन्हा परीक्षा घ्या, असं लिहून दिलं. त्यांनी सही केली.

पुढचे सहा महिने कॉलेज भरायच्या आधी तासभर आमची शिकवणी चाले. मी ओरडायचो, बाई ऐकून घ्यायच्या आणि मग मलाच असा प्रश्न विचारायच्या की मी पुस्तक उघडायचो.

जूनमध्ये लेखीत त्यांना एकेचाळीस पडले. तोंडी परीक्षेला चांदवडहून खंडेराव थेटे आले होते, माझ्याहून खवट माणूस. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ॲसेटिक ॲसिड सौम्य ना? मग त्याच्या मोठ्या बाटलीत बोट घालायला हरकत नाही."

बाईंनी उजव्या हाताची बाही वर सारली. मनगटावर जुना, सुरकुतलेला डाग होता. मी तो रोज पाहत होतो आणि कधी विचारलं नव्हतं.

"अडुसष्टच्या थंडीत बाटलीतलं ॲसेटिक गोठलं होतं, साहेब. कोमट पाण्यात धरली तर बाटली तडकली. हे त्याचंच हाय. ॲसिड सौम्यच होतं, पण संहत होतं. आणि समोर टेबलावरचं हायड्रोक्लोरिक तीव्र हाय, पण विरल. ते हातावर सांडलं तर मी धुऊन कामाला लागते."

थेट्यांनी पेन ठेवलं. "पुढचं काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

सहायक म्हणून रुजू झाल्यावर पहिल्याच सकाळी बाईंनी फळी रिकामी केली आणि नवी पाटी लावली: 'संहत आम्ले. सावधान.' ॲसेटिकच्या बाटलीवर वेगळी चिठ्ठी, 'सौम्य, पण संहत'. जुनी पाटी त्यांनी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली.

"सर, ही तुम्ही घरी न्या," त्या म्हणाल्या. "तुमचा तपासलेला पेपर."