सरांची जिरवायला गेलो आणि पान पांढरं

सूड घ्यायचा तर आधी घरी एकदा चालवून बघावा, एवढी अक्कल मला होती. मी बघितला होता. घरी तो झकास चालला होता.

ज्यांची जिरवायची होती ते आमचे सर. परभणीत स्टँडच्या मागं त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान. वेबसाइट करायचं मी त्यांच्याकडंच शिकलो आणि तिथंच कामाला राहिलो. एकदा गिऱ्हाइकांनी दुकान भरलेलं असताना सर म्हणाले, "ह्याला फक्त फोटो चिकटवायला देत जा. डोकं लागंल असलं काम दिलं की पोरगं गांगरतंय." सगळे हसले. मीही हसलो, कारण पगार व्हायचा होता. तिसऱ्या महिन्यात मी दुकान सोडलं, पण ते वाक्य काही मला सोडेना. अंघोळ करताना, गाडीला किक मारताना, ते आपलं कानाशी हजर.

मग गंगाखेडच्या ताईंचा फोन आला. ताईंची उसाच्या रोपांची नर्सरी. त्यांची जुनी वेबसाइट सरांनी केलेली: दोन फोटो, फोन नंबर आणि खाली ठळक अक्षरांत सरांचं नाव. ताईंना आता शेतकऱ्यांना मोबाइलवर रोपं बुक करता येतील अशी साइट हवी होती. "नीट झाली तर पुढचं सगळं काम तुमच्याकडं, भाऊ," त्या म्हणाल्या. "न्हाई झाली तर सर हायेतच."

त्या "हायेतच"नं माझं डोकं फिरलं.

सरांची साइट काढून तिथं माझी टाकणं सोपं होतं. पण मग लोकांना फरक कसा कळणार? मी ताईंना म्हणालो, जुनी राहू द्या, नवी तिच्याच शेजारी वेगळ्या फोल्डरात ठेवतो. पत्त्याच्या पुढं एक तिरकी रेघ आणि 'navin' एवढंच लिहायचं. शेजारी शेजारी उघडून लोकांनी बघावं, सरांचं काय आणि माझं काय. सरांनी सर्व्हरचा पासवर्ड मुकाट्यानं दिला, त्याचाही मला राग आला. थोडं भांडले असते तर बरं वाटलं असतं.

उद्घाटन ठरलं. ताईंनी बजावलं होतं, नारळ फुटायच्या आधी साइट कुणी उघडायची नाही. नर्सरीचं नवं शेड असो की नवा टेम्पो, त्यांच्याकडं हीच रीत. मी तर खुशीनं पाळली. सरांना बोलावणं मीच धाडलं होतं, आणि पहिल्यांदा साइट त्यांच्याच डोळ्यांसमोर उघडावी अशी माझी इच्छा होती. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी बिल्ड केला. म्हणजे लिहिताना वापरतो ती कच्ची प्रत बाजूला ठेवून लोकांसाठीची आवळून बांधलेली प्रत तयार केली. ती माझ्या लॅपटॉपवर चालवून बघितली. चालली. सर्व्हरच्या फोल्डरात टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून निघालो.

नर्सरीच्या ऑफिसात भिंतीवर टीव्ही, टीव्हीला माझा लॅपटॉप जोडलेला. समोर दहा-पंधरा शेतकरी, मधल्या खुर्चीवर सर. नारळ फुटला. मी पत्ता टाकला आणि एंटर मारलं.

पान पांढरं.

दुसऱ्यांदा मारलं. पांढरं. एक काका डोळे बारीक करून म्हणाले, "लाइट लय पडायलाय टीव्हीवर. पडदा वढा." पडदा ओढला. आता जास्तच पांढरं दिसायला लागलं.

सर चहाची बशी खाली ठेवत म्हणाले, "डिझाइन साधं हाय. चांगलंय."

माझ्या डोक्यात एकच आलं आणि ते मी सगळ्यांसमोर बोललो, "सर, तुमी सर्व्हरला हात लावला का?"

सर म्हणाले, "पासवर्ड तुला दिल्यापासून मी तिकडं बघितलं बी न्हाई. तूच बघ की."

ताईंनी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या नजरेत पुढचं सगळं काम हळूहळू परभणीच्या स्टँडमागं जायला लागलेलं मला दिसलं.

मी ब्राउझरमध्ये फायलींची यादी उघडली. सगळ्यांपुढं दोनशे, म्हणजे मागितलं ते मिळालं. एकही फाइल हरवलेली नाही. मग मी आणखी चिडलो. सगळं मिळूनही पान पांढरं, म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंच असणार. शेवटी कन्सोल, म्हणजे ब्राउझर आपलं रडगाणं लिहितो ती खिडकी, बघितला. तिथं लाल अक्षरांत तक्रार होती: मी साइट चालवणारी जावास्क्रिप्टची फाइल मागितली, सर्व्हरनं एचटीएमएलचं पान दिलं, हे मी चालवणार नाही.

कुठलं पान दिलं म्हणून त्या फाइलीवर दाबून आत बघितलं. टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत, कोड उघडला आणि त्यात तळाशी सरांचं नाव.

"हे तर माझं पान हाय," सर म्हणाले.

मग लख्ख कळलं. लॅपटॉपवर माझी साइट एकटीच होती, मालकासारखी थेट मूळ पत्त्यावर. म्हणून बिल्डमधल्या पानानं आपल्या फायली मूळ पत्त्यावरच मागितल्या. इथं मूळ पत्त्यावर सर राहत होते. सरांनी पूर्वीच नियम करून ठेवला होता, की कुणी नसलेली वस्तू मागितली तर त्याला पहिलं पान दाखवायचं. म्हणजे माझी साइट सरांच्या दारात जाऊन स्वतःचं सामान मागत होती, आणि सरांचं पान दरवेळी म्हणत होतं, या, बसा. शेजारी शेजारी ठेवून जिरवायचा हट्ट माझा. तो नसता तर हे झालंच नसतं.

बिल्डच्या सेटिंगमध्ये पायाचा पत्ता लिहायची एक ओळ असते. तिथं 'navin' टाकलं, परत बिल्ड केला, चढवला. पांढरं. सरांनी दुसरा चहा मागवला. या वेळी फायली बरोबर आल्या होत्या, पण आतलं कुठलं पान दाखवायचं ते ठरवणाऱ्या राउटरला तो फोल्डर माहीत नव्हता. त्यालाही सांगितलं. तिसऱ्यांदा पान आलं: हिरवीगार रोपं, बुकिंगचं बटण. काकांनी पडदा परत उघडला.

"आता दिसलं," ते म्हणाले. "मगाशी उजेडच जास्त होता."

ताईंनी काम मला दिलं. सर जाताना म्हणाले, "माझं पान काढून टाक आता. मला काय त्याचं." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं, की माझा राग नव्यानं उकळला. पण परवानगी ती परवानगी. घरी येऊन मी सरांच्या फायली पुसल्या. एकेक पुसताना दुकानातला एकेक हसणारा चेहरा आठवला. मग माझ्या सगळ्या फायली 'navin'मधून उचलून मूळ पत्त्यावर मांडल्या, रिकामा फोल्डर उडवला आणि पोटभर जेवलो. इतकं चवदार जेवण बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

हात धुतोय तोच सरांचा फोन.

"झालं का काढून?"

"झालं."

"हां. पान पांढरं दिसायलंय."

मी ओल्या हातानं लॅपटॉप उघडला. माझी साइट आता सरांच्या जागेवर बसून, उद्घाटनात शिकवलेल्या पत्त्यावर, म्हणजे उडवून टाकलेल्या 'navin' फोल्डरात आपलं सामान शोधत होती. सरांच्या फायली पुसल्या होत्या, पण त्यांचा तो नियम तसाच राहिला होता. सामान मागितलं की तो या, बसा म्हणायचा.

"परत बिल्ड करावा लागंल बघ," सर म्हणाले.

"माहितीये सर. मुद्दाम ठेवलंय तसं."

"असंल," सर म्हणाले. "ताईंचा फोन आला होता मला. तुझा लागंना म्हणून. म्हणलं पोरगं करंल, जरा गांगरतंय."