पंधरांमागे चौदा

मुलीच्या रक्ताच्या कर्करोगावरचे उपचार शेवटच्या टप्प्यात आले, तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. डोक्यावर केस परत आले होते, रोजच्या गोळ्या ती कुरकुर न करता घ्यायला लागली होती, आणि मी अर्ध्या दिवसाची का होईना, नोकरी पुन्हा सुरू केली होती. एका सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हे सासूबाईंच्या मते माझ्या स्वभावाला साजेसंच काम होतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या आधी सासूबाईंनी बोरन्हाणाचा विषय काढला. "पाच वर्षांच्या आत करतात. पहिल्या वर्षी गावाला होतो म्हणून राहिलं, मग हे दुखणं आलं. आता पुढच्या वर्षी वय उलटेल." पुढचं वर्ष या शब्दांपाशी आमच्या घरात सगळेच गप्प बसत असत.

मी डॉक्टरांना विचारलं. ते मोजकं बोलणारे, सदाशिव पेठी वळणाचे गृहस्थ होते. म्हणाले, "मला विचाराल तर नको. पण तुम्ही विचारायला आलात म्हणजे करायचं ठरलेलं दिसतंय." मग त्यांनी पेन घेतलं आणि औषधांच्या कागदाच्या मागेच मला समजावलं. एकाही माणसाच्या अंगात प्रतिकारशक्ती नसेल, तर एक रोगी सरासरी किती जणांना रोग देतो, हा एक आकडा असतो. त्याला ते आर-नॉट म्हणत. साध्या फ्लूचा दीड-दोनच्या आसपास असतो. दोन धरला, तर निम्मी माणसं सुरक्षित असली की पुरतं, कारण मग एकामागे एकच आजारी पडतो आणि साथ वाढत नाही. गोवराचा आकडा बारा ते अठरा.

"पंधरा धरू," ते म्हणाले. "पंधरांमागे चौदा सुरक्षित हवेत, तेव्हा कुठे साथ जागच्या जागी राहते. त्याहून जास्त असतील तर विझते. तुमच्या मुलीला पूर्वी टोचलेली लस या औषधांनी धुऊन गेली असेल, आणि आत्ता पुन्हा देता येत नाही. तेव्हा तिची लस म्हणजे तिच्याभोवतीची माणसं."

"म्हणजे चौदा मुलांनी लस घेतलेली असली की ती सुरक्षित?"

"साथ जागच्या जागी राहते असं म्हटलं मी. तुमची मुलगी सुरक्षित, असं नाही म्हटलं."

हे वाक्य मी ऐकलं. ऐकलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. पण मला त्या आकड्याने धीर आला होता, आणि धीर आलेल्या माणसाला बारीक अक्षर दिसत नाही.

धायरीत आमची इमारत नवी होती, सगळी बाहेरगावची माणसं, कुणी नगरचं, कुणी अमरावतीचं. मी दारोदार गेले. लस झाली आहे का, सर्दी-खोकला आहे का, घरात कुणाला ताप? पुण्यात असले प्रश्न विचारले की पाठीमागे जे बोललं जातं, ते माझ्याबद्दलही बोललं गेलं असणार. पण एकीनेही दार लावून घेतलं नाही. सगळ्यांच्या मुलांना लस दिलेली होती. पंधरा मुलं यायची ठरली.

रविवारी सकाळी गच्चीवर, मोकळ्या हवेत करायचं असं मी ठरवलं होतं. पण वारा इतका सुटला की हलव्याचे दागिने घातलेली, काळ्या फ्रॉकातली माझी मुलगी कुडकुडायला लागली, आणि आम्ही सगळे खाली आमच्या हॉलमध्ये आलो. खिडक्या लावल्या. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतल्या आणि पंधराच्या पंधरा मुलं तिच्या पायाशी तुटून पडली. ती हसत होती. दवाखान्यात सुई टोचायच्या आधी डोळे मिटणारी माझी पोर, डोळे मिटून हसत होती. तो आनंद मी आजही कमी करून सांगणार नाही.

त्या मुलांत खालच्या मजल्यावरचा सहा वर्षांचा मुलगा होता. त्या दिवशी त्याला साधी शिंकही नव्हती. दुसऱ्या दिवशी ताप आला, डोळे लाल झाले, मग अंगावर पुरळ उठलं. गोवराचा रोगी पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून रोग वाटत असतो, हे मला नंतर कळलं. त्याची आई त्याला जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी विचारलं, गोवराची लस झाली आहे? झाली आहे म्हटल्यावर त्यांनी तापाच्या औषधाची ॲलर्जी ठरवली आणि औषध बदललं.

हे तिने मला जिन्यात सांगितलं, तेव्हा मुलगा बरा होऊन शाळेत जायला लागला होता. दोघींच्या हातात भाजीच्या पिशव्या, अगदी सहज. "ॲलर्जी झाली होती जी पोराला. सारं अंग लाल." मी पिशवी तिथेच ठेवली आणि आमच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, किती दिवस झाले? गोवराच्या संपर्कानंतर सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं, तर अशा मुलांना वाचवता येतं. आमचे सहा दिवस केव्हाच उलटले होते. तरीही त्यांनी ते दिलं.

तिला ताप आला, मग खोकला, मग श्वास लागला. पुरळ उठलंच नाही. डॉक्टर म्हणाले, पुरळ उठवायलासुद्धा अंगात प्रतिकारशक्ती लागते. फुप्फुसं भरत गेली. तपासणीत गोवर निघाला, आणि मागाहून त्या मुलाच्या रक्तातही त्याच्या खुणा निघाल्या. रथसप्तमी आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर काढली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गेली.

खालच्या मजल्यावरची, त्या मुलाची आई, पंधराव्या दिवशी वर आली. दारातच उभी राहिली. "ताई, खोटं नव्हतं सांगितलं मी. नवव्या महिन्यात टोचलं होतं जी."

एव्हाना मला ठाऊक झालं होतं. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या पंधरा-एक मुलांच्या अंगी लागतच नाही. म्हणून दुसरा डोस लागतो. तेव्हा तो सरकारी यादीत नव्हता. ज्यांच्या डॉक्टरांनी सुचवला आणि ज्यांना परवडला, त्यांनी मुलांना दिला होता. मी दारोदार लस झाली का एवढंच विचारलं होतं, आणि सगळ्यांनी खरं उत्तर दिलं होतं. त्या खऱ्या उत्तरावरच तिच्या मुलाच्या डॉक्टरांचाही विश्वास बसला. तिला मी आत बोलावलं, पाणी दिलं. राग धरायला माणूस लागतो, आणि मला तो सापडत नव्हता. हे मला फार जड गेलं.

कितीतरी दिवस मी रोज जिन्यात मुलांचे आवाज ऐकत बसत असे. कुणी खोकतंय का, कुणाची शाळा बुडतेय का. सासूबाई म्हणायच्या, आता कशाला? पण तिला जपायचं काम सुटलं तरी सवय सुटत नाही. इमारतीत दुसरं एकही मूल आजारी पडलं नाही.

मग एका दुपारी मी तो औषधांचा कागद उलटून पाहिला. त्या हॉलमध्ये एक मुलगा रोग घेऊन आला होता. त्याच्याभोवती पंधरा मुलं होती, त्यांतली चौदा सुरक्षित. एकामागे एकच आजारी पडलं, आणि तिच्यापासून कुणालाही गोवर झाला नाही. डॉक्टरांचं गणित कुठेही चुकलेलं नव्हतं. साथ थांबली होती, आमच्या घरात.