सुमतीबाई आणि मानपाड्याचं गटार

सुमतीबाईंच्या श्रद्धांजलीत मी गटार सोडलं. आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मी एका स्थानिक वृत्तपत्राच्या जुन्या अंकाच्या पीडीएफमधून त्यांच्यावरचा लेख कॉपी करून पाठवला. शेजारच्या रकान्यात मानपाड्याच्या गटाराची बातमी होती. कॉपी करताना दोन्ही रकान्यांच्या ओळी एकाआड एक आल्या: ‘सुमतीबाईंनी लहान मुलांना गटारातला काळा गाळ पुस्तकं आणून दिली, त्या सर्वत्र दुर्गंधी पसरवत...’

स्मरणिकेची जुळणी हेमांगीकडे, आणि सुमतीबाई तिची आई.

“काका, माझ्या आईने मुलांना गाळ वाटला? संध्याकाळी तिच्या फोटोसमोर हे वाचायचंय!”

मी खुर्चीत आक्रसलो. तिने मूळ पान शेजारी उघडलं, गटाराची एकेक ओळ उपटली, उरलेल्या तुटक ओळी सलग जोडल्या. मूळ पानात ओळ आत सरकवलेली दिसली, तिथेच नवा परिच्छेद केला. प्रत्येक वेळी एंटर असं आपटलं, की तिथे माझं डोकंच असावं.

“अगं, पण मी एक शब्दही गाळला नव्हता!”

“एक शब्द वाचलाही नव्हतात.”