तिसऱ्या मजल्यावरचे खोके

पाचवा खोका आला तेव्हा शिवणकामवाल्या बाईंनी फोन केला आणि आवाज चढवला.

"काका, जिन्यात पाय ठेवायला जागा नाही हो! तुम्ही बंद केलं म्हणाला होतात ना?"

"केलं होतं की. मी स्वतः केलं."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

लिफ्टवाल्या काकांनी फोन कानापासून जरा दूर धरला. त्यांनी खरंच बंद केलं होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्टची दुरुस्ती केली. त्या कामात त्यांना एकच पक्कं ठाऊक होतं: चालती गोष्ट थांबवायची असेल तर मेन स्विच खाली पाडायचा, पुढचं मग बघू. म्हणून मागच्या महिन्यात त्यांनी फोनमधलं खरेदीचं ॲपच काढून टाकलं होतं. चित्र दाबून धरलं, "काढून टाकायचं का?" असं विचारल्यावर "हो" म्हटलं आणि हात झटकून मोकळे झाले. वर बाईंना फुशारकीनं सांगितलंही, "मुळापासून उपटलं."

आणि आज पुन्हा चहापत्ती, ओट्स, साबण, कपडे धुण्याची पावडर, टिश्यूचं बंडल आणि फरशी पुसायचं औषध हजर. खोक्यावर ताईचं नाव.

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण, सात वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, एकटी राहणारी आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. तिच्या बिल्डिंगला लिफ्ट नव्हती. "जगाला वर चढवलंस रे धाकट्या, बहिणीला मात्र पायऱ्या," असं ती हसत टोचायची. पिशव्या घेऊन तीन मजले चढणं तिला झेपेना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी तिच्या समोरच्या घरातल्या शिवणकामवाल्या बाईंच्या मदतीनं काकांनी आपल्या फोनवरून दर महिन्याला सामान तिच्या दाराशी येईल अशी सोय लावली होती.

साडेचार महिन्यांपूर्वी ताई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि तिथून ती शुश्रूषागृहात गेली. जाताना म्हणाली होती, "महिन्याभराचा प्रश्न आहे." काका दर रविवारी भेटायला जात. बसल्याबसल्या तिचा पहिला प्रश्न असे, "सामान आलं का?" काका म्हणत, "आलं." तेवढं ऐकलं की ती उशीला टेकायची. तिच्या मनात तिचं घर चालू होतं. दार बंद असलं तरी चहापत्ती भरलेली होती.

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता त्या जिने चढू शकणार नाहीत. ताईला हे अजून कुणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काम काकांचं होतं आणि काका ते पुढे ढकलत होते.

ते दुपारी ताईच्या बिल्डिंगमध्ये पोचले तेव्हा बाई मशीन थांबवून, गळ्यात टेप लटकवून दारातच उभ्या होत्या.

"ॲप काढलं म्हणजे फक्त तुमच्या फोनमधून गेलं, काका. तुम्ही सांगून ठेवलेलं सगळं तिकडे त्यांच्याकडे आहेच. द्या इकडे."

त्यांनी ॲप पुन्हा उतरवलं. काकांचा नंबर टाकला, मेसेजमध्ये आलेला कोड भरला. खात्यात 'नियमित डिलिव्हरी' असं पान निघालं. सहा वस्तू एकाखाली एक होत्या. प्रत्येकीसमोर पुढची तारीख, त्याखाली 'पुढची खेप वगळा' आणि 'रद्द करा'.

"एकेक वेगळी रद्द करावी लागेल. आणि हे वाचा, पुढच्या महिन्याची ऑर्डर ते आधीच लावतात, त्यात बदल आजच्या दिवसभरच करता येतील. उद्या ती ऑर्डर लागली की ती निराळी रद्द करत बसा. दाबू का?"

"थांबा!" काका एवढ्या जोरात म्हणाले की बाई दचकल्या. "आधी तिला सांगायला हवं."

"अहो, चहापत्ती बंद करायला परवानगी लागते होय?"

मागच्या महिन्यात ॲप काढलं तेव्हा ती घरी परतणारच होती; आता तसं नव्हतं. बंद केल्यावर रविवारी ती विचारणार. "आलं" म्हणायचं तर खोटं, "नाही" म्हणायचं तर सगळंच बाहेर येणार. ताईशी ते आयुष्यात खोटं बोलले नव्हते. लहानपणी बोलले असते तर कान हातात आला असता.

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि फोन त्यांच्या तळहातावर ठेवला. "जा. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

शुश्रूषागृहात ताई खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसली होती. शाल पायांवर, चष्मा कपाळावर.

"आज काय? आज तर रविवार नाही."

"आलो असाच."

"असाच तू देवळातसुद्धा जात नाहीस. सामान आलं का?"

"आलं." मग ते स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. "ताई, ते बंद करायचं म्हणतोय."

ताईनं पायांवरची शाल सारखी केली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं, तिचं एक चाक कुरकुरत होतं. 

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जिने नाहीत म्हणाले."

"आत्तापुरते?"

काकांनी मान हलवली. नाही.

"कधी म्हणाले?"

"पंधरा दिवस झाले."

"पंधरा दिवस एकट्यानं घेऊन फिरलास?" ती रागावली नव्हती, म्हणून काकांना जास्तच लागलं. "दाखव तो फोन."

काकांनी पान उघडून दिलं. तिनं चष्मा नाकावर ओढला. "हे वगळा म्हणजे काय?"

"एक खेप येणार नाही. मग पुन्हा आपोआप सुरू." ते घाईनं म्हणाले, "हवं तर तेच करू. बघू महिनाभर."

"आणि रद्द?"

"रद्द म्हणजे रद्द."

"एकतीस वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले मी. पलीकडे कुणी नसताना लाइन अडवून ठेवायची नसते, धाकट्या." तिनं चहापत्तीवर बोट ठेवलं. ते पहिल्यांदा भलतीकडेच लागलं. काकांनी हात पुढे केला तर तिनं तो बाजूला सारला. "मी करते."

ॲपनं कारण विचारलं. तिनं मोठ्यानं वाचलं, "किंमत वाढली. साठा जास्त झाला. आता गरज नाही." शेवटच्या ओळीपाशी ती जरा थांबली. मग म्हणाली, "किती खोके आहेत दाराशी?"

"पाच."

"मग साठा जास्त झाला. खोटं नाही ते."

सहाही वस्तूंना तिनं तेच कारण दिलं. टिश्यूच्या वेळी म्हणाली, "हे कशाला एवढं मागवत होतास? मला काय रडूबाई समजलास?" काका हसायला गेले आणि त्यांनाच रुमाल काढावा लागला. ताईनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"ओट्स इथल्या स्वयंपाकघरात दे. चहापत्ती बाईंना. बिचारी दिवसभर मशीनवर असते, तिला चहा लागतो. आणि घरमालकांना सांगून टाक, जागा सोडतेय म्हणून. मी सांगितलं म्हणून सांग."

"सांगतो."

फोन वाजला. मग पुन्हा. मेसेज येत होते, लागोपाठ सहा.

"कोण आहे?"

"तेच. रद्द झाल्याचं कळवतायत."

"वाच."

"सगळे?"

"सगळे."

काका वाचू लागले. चहापत्तीची नियमित डिलिव्हरी रद्द झाली आहे, पुढची खेप येणार नाही. ओट्सची रद्द झाली आहे, पुढची खेप येणार नाही. साबणाची. पावडरची. ताई खिडकीकडे तोंड करून ऐकत होती. पाचव्या मेसेजला तिनं हात मागे केला, काकांनी तो धरला आणि दुसऱ्या हातात फोन डोळ्यांजवळ नेऊन सहावा वाचला.