फोटो पुरेसे आहेत

आमच्या ह्यांना गल्लीत सगळे विमाकाका म्हणतात. अर्ध्या बाजाराचे विमे ह्यांनीच उतरवलेत. कंपनीबद्दल कुणी वाकडं बोललं की ह्यांना स्वतःला शिवी दिल्यासारखं लागायचं. आता लागत नाही. आता हेच बोलतात, आणि मी आवरत नाही.

चक्रीवादळात शिंपीणताईच्या दुकानाचे पत्रे उडाले. ताई म्हणजे ह्यांची मानलेली बहीण, एकटी बाई. कापडाचे तागे चिखलात लोळले, दोन मशिनं गंजली. तेवढ्यात पेपरात कंपनीचं पत्रक छापून आलं. इतक्या लोकांना दाव्यांचे पैसे दिले, आणि छोट्या दाव्यांना सर्वेक्षकाची पाहणी लागणार नाही, फोटो पुरेसे आहेत. ह्यांनी ते दुकानादुकानात वाचून दाखवलं. ताईला म्हणाले, फोटो काढ, कुजलेलं फेक आणि दुकान उघड. तिने तसंच केलं. आणखी तिघांनीही केलं.

मग शाखेतून उत्तर आलं की खराब माल दाखवा. सवलत फक्त घरांच्या विम्याला होती, दुकानाला नाही. कंपनीच्या आतल्या परिपत्रकात स्पष्ट लिहिलंय म्हणे. मग पेपरातल्या पत्रकात का नव्हतं? तर कंपनीचा प्रसिद्धीवाला म्हणाला, बातमी आटोपशीर हवी म्हणून ती ओळ गाळली. गाळली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे तर घरी येऊन जेवलेही नाहीत.

वर त्याच प्रसिद्धीवाल्याचा फोन. चेक वाटपाचा कार्यक्रम आहे, बातमीदार येणार आहेत, एखादा समाधानी ग्राहक आणा. हे शांतपणे हो म्हणाले आणि ताईला घेऊन गेले. मीही गेले.

शाखेच्या हॉलमध्ये व्यवस्थापकांनी तिला पुढे बोलावलं, तेव्हा ह्यांनी खिशातलं कात्रण काढून बातमीदारांसमोर धरलं.

"हे तुम्ही छापलंत. हिने ह्यावर भरवसा ठेवून माल फेकला. आता कंपनी म्हणते, माल दाखवा. हिने तो कुठून आणायचा, सांगा."

बातमीदारांनी वह्या उघडल्या. व्यवस्थापकांच्या कपाळाला घाम फुटला. फोटो आणि घाऊक व्यापाऱ्याची बिलं बघून विशेष बाब म्हणून विचार करू, असं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

ताईला पैसे मिळाले. ती ह्यांचे हात धरून रडली. आठवडाभराने पेपरात नवं पत्रक आलं, वर ताईचा हसरा फोटो. कागदपत्रांअभावी एकही दुकानदार वंचित राहणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. निर्लज्जपणाची कमाल झाली.

उरलेल्या तिघांचे दावे अजून तसेच पडलेत. दोन्ही कात्रणं घेऊन हे रोज शाखेत जाऊन बसतात. कार्यक्रम संपलाय, त्यामुळे तिथे आता बातमीदार नसतात.